निजामाचे फर्मान आणि भारताचे संविधान : मराठवाड्यातील अधिसत्तेच्या तीन आधारांचा अभ्यास

२३ नोव्हेंबर १९४९ रोजी हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी एक फर्मान काढले. भारताची संविधान सभा जे संविधान स्वीकारणार आहे तेच हैदराबाद राज्याचेही संविधान राहील, अशी घोषणा त्यांनी त्यात केली. दोनच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत आपले समारोपाचे भाषण केले आणि २६ तारखेला संविधान स्वीकृत झाले.

या तीन दिवसांकडे सलग पाहिले तर एक विसंगती नजरेत भरते. ज्या संविधानाने राजाचा स्वेच्छाधिकार संपवला, ते संविधान आपल्या परभणी जिल्ह्यासह सर्व हैदराबाद राज्यात आले ते एका राजाच्या फर्मानाच्या वाटेने. सैन्य तर चौदा महिन्यांपूर्वीच आत आले होते. मग विजेत्याला पराभूत राजाच्या सहीची गरज का भासावी? हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटतो. परंतु मुळात तो अधिमान्यतेचा प्रश्न आहे. अधिमान्यता म्हणजे ‘या सत्तेचे ऐकणे योग्य आहे’ ही आज्ञा पाळणाऱ्याच्या मनात असलेली मान्यता. बंदुकीच्या धाकाने माणूस एक दिवस ऐकतो. परंतु सारा वेळेवर भरणे, साक्षीला हजर राहणे, पहाऱ्यावर कोणी नसतानाही नियम पाळणे, हे रोजचे व्यवहार केवळ धाकावर चालत नाहीत.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी या मान्यतेचे तीन आधार सांगितले. १९१९ साली म्युनिक येथे विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात आणि मृत्यूनंतर १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात हे विवेचन आले आहे. पहिला आधार परंपरेचा : पूर्वापार असेच चालत आले, म्हणून ऐकावयाचे. दुसरा विभूतिमत्त्वाचा, ज्याला आपण करिष्मा म्हणतो : या व्यक्तीत काही असामान्य आहे, म्हणून ऐकावयाचे. तिसरा कायदेशीर आणि विवेकनिष्ठ : ठरलेल्या रीतीने केलेला नियम आहे, आणि आज्ञा देणारा त्या नियमाने नेमलेल्या पदावर आहे, म्हणून ऐकावयाचे, तेही त्या पदाच्या मर्यादेपुरतेच. हे तीन प्रकार शुद्ध रूपात कोठेही सापडत नाहीत, हेही वेबर यांनीच बजावले होते. प्रत्यक्षातील प्रत्येक राजवट हे त्यांचे मिश्रण असते. मराठवाड्याच्या इतिहासात हे तिन्ही प्रकार एका पिढीच्या आयुष्यात एकमेकांवर आदळले. म्हणून हा विषय समजून घेण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही.

निजामांच्या घराण्याची अधिसत्ता परंपरेची होती. परंतु परंपराही कोठेतरी सुरू होते. पहिले निजाम-उल-मुल्क यांनी १७२४ साली बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे प्रतिस्पर्ध्याचा पराभव करून दख्खन ताब्यात घेतले. म्हणजे मुळात तलवार होती. तरीही त्यांनी स्वतःला बादशहा म्हणवले नाही. दिल्लीच्या बादशहाचे सुभेदार, हीच त्यांची अधिकृत ओळख राहिली. दिल्लीची सत्ता नावापुरती उरल्यानंतरही १८५७ च्या उठावापर्यंत हैदराबादची नाणी मुघल बादशहाच्या नावाने पडत होती. जिंकून मिळवलेले राज्य जुन्या नावाच्या छायेत ठेवले की ते लवकर जुने दिसू लागते, हे त्यामागचे व्यवहारज्ञान. साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे घेतल्यावाचून पेशवा पेशवा होत नव्हता, तेथेही हेच तत्त्व होते.

या प्रकारच्या राज्यात राजाचे घर आणि राज्य यांच्यात स्पष्ट भिंत नसते. हैदराबाद राज्याचा साधारण दहावा हिस्सा ‘सर्फ-ए-खास’ होता, म्हणजे त्याचे उत्पन्न थेट निजामांच्या खासगी खजिन्यात जात असे. जवळपास तिसरा हिस्सा जहागीरदारांकडे होता. उरलेला ‘दिवाणी’ मुलूख तेवढा आपण ज्याला सरकारी म्हणतो तसा होता. निजामांच्या फर्मानाचे सामर्थ्य किती, याचा निर्वाळा पुढे १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका वारसा-प्रकरणात दिला : विलीनीकरणापूर्वी निजाम सर्वसत्ताधीश होते आणि त्यांचे फर्मान इतर कोणत्याही कायद्याइतकेच बंधनकारक होते, प्रचलित कायदा बाजूला सारण्याचीही शक्ती त्यात होती. न्यायालयाने ठरवलेला वारस राजाच्या इच्छेने बदलू शकत होता, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

मात्र निजामांचे राज्य हे निव्वळ लहरीचे राज्य होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालारजंग यांनी दिवाणी मुलखात जिल्हाबंदी केली, पगारी तालुकदार आणि तहसीलदार नेमले, जमिनीची मोजणी आणि सारा यांचे दफ्तर बसवले. परभणी जिल्ह्याची प्रशासकीय घडण त्याच व्यवस्थेतून झाली. तेव्हा मधल्या थरात नियम आणि दफ्तर आले, वरच्या थरात फर्मान राहिले, आणि अगदी खालच्या थरात, म्हणजे गावात, वतन राहिले. वेबर यांनी सांगितलेले मिश्रण ते हेच.

गावातील वतनाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण सामान्य माणसाला राज्य दिसत होते ते निजामांच्या रूपाने नव्हे, पाटील-पटवाऱ्याच्या रूपाने. मराठवाड्यात साऱ्याचे काम पाहणारा माली पाटील, बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील आणि दफ्तर लिहिणारा पटवारी ही पदे पिढीजात होती. वारस अज्ञान असला तर त्याच्या नावाने गुमास्ता काम करी; पद मात्र घराण्याचेच राही. कामाची लायकी हा प्रश्नच नव्हता. त्याच व्यवस्थेच्या तळाशी महारकी होती. येसकरी करणे, सांगावा पोहोचवणे, साऱ्याची रक्कम तहसिलीपर्यंत नेणाऱ्याबरोबर चालणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, मेलेली जनावरे ओढणे, आणि त्याबदल्यात तुटपुंजी इनाम जमीन व दारोदारची भाकर.

येथे परंपरेच्या अधिसत्तेचा एक गुण ध्यानात येतो, जो पाठ्यपुस्तकांत सहसा ठसठशीतपणे सांगितला जात नाही. परंपरा सत्ताधाऱ्यालाही बांधते. महाराची शिवेची साक्ष पाटलालाही नाकारता येत नसे, कारण तीही रीतच. परंतु हे बंधन जेवढे रीतीत आहे तेवढेच. रीतीबाहेर काही मागितले की उत्तर ठरलेले : असे कधी झाले नाही. परंपरेच्या राज्यात गाऱ्हाणे मांडता येते, हक्क मात्र मागता येत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले ते याच गाठीवर घाव घालण्यासाठी. निजामांच्या मुलखाला ते लागू होणारे नव्हते. तरीही त्याची वार्ता गोदावरीच्या या तीरापर्यंत पोहोचत होती.

राजाचे ऐकावयाचे का, हा प्रश्न जोवर कोणी विचारत नाही तोवर परंपरा निर्वेध चालते. १५ ऑगस्ट १९४७ नंतर हैदराबादेत हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला, आणि अशा पोकळीत विभूतिमत्त्वाचे नेते उभे राहतात हा वेबर यांचा सिद्धांत येथे तंतोतंत खरा ठरला. मराठवाड्यातूनच दोन परस्परविरोधी नेते पुढे आले. एक लातूरचे वकील कासीम रझवी. इत्तेहाद-उल-मुसलमीनचे अध्यक्ष आणि रझाकारांचे सर्वेसर्वा. राज्याचे कोणतेही मोठे घटनात्मक पद नसताना त्यांचा शब्द मंत्रिमंडळाला भारी पडू लागला. दुसरे स्वामी रामानंद तीर्थ. १९३२ साली संन्यास घेतलेला हा शिक्षक हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांतून आला आणि स्टेट काँग्रेसचा नेता झाला. भगवी वस्त्रे ही त्यांनी परंपरेकडून घेतली, परंतु लोक त्यांच्यामागे गेले ते तुरुंगवास पत्करणाऱ्या व्यक्तीकडे पाहून.

दोघांना एका वाक्यात बसवणे काही वाचकांना खटकेल. नैतिकदृष्ट्या त्यांच्यात तुलना नाहीच. परंतु अधिसत्तेचा अभ्यास करताना एक गोष्ट मान्य करावी लागते : करिष्मा हा सद्‌गुण नव्हे, तो अनुयायांनी दिलेला विश्वास आहे, आणि तो चांगल्या-वाईट दोन्ही प्रकारच्या माणसांना मिळतो. त्याची कसोटीही वेगळी. परंपरेला पुरावा लागत नाही, करिष्म्याला सतत लागतो. दिल्लीपर्यंत धडक मारण्याच्या वल्गना करणाऱ्या रझवींचे सामर्थ्य १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत संपले. त्यांना अटक झाली, शिक्षा झाली, आणि १९५७ मध्ये सुटल्यावर ते पाकिस्तानात निघून गेले. ज्याच्या शब्दावर हजारो तरुण शस्त्र घेऊन निघत होते त्याच्या मागे नऊ वर्षांनी फारसे काही उरले नाही. पद असते तर ते पद दुसऱ्याने चालवले असते. करिष्मा माणसासोबत येतो आणि त्याच्यासोबत जातो.

याच काळात तिसरा एक शब्द हैदराबादबाहेरून येत होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी एक निवेदन काढून हैदराबादच्या अस्पृश्य समाजाला आवाहन केले की, निजामांच्या किंवा इत्तेहादच्या बाजूला जाऊ नका आणि भयाने धर्मांतर करू नका. ते त्या वेळी भारताचे कायदामंत्री होते, परंतु हैदराबाद राज्यात त्या पदाला काहीही अधिकार नव्हता. येथील लोकांनी त्यांचे ऐकले ते मंत्री म्हणून नव्हे, बाबासाहेब म्हणून. हा निखळ करिष्मा होता, आणि त्याचे स्वरूप स्वतः बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. त्याविषयी पुढे येईलच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामांनी शरणागती पत्करली. जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी प्रशासक झाले. येथे भारत सरकारला निजामांना पदच्युत करता आले असते. तसे न करता निजामांकडूनच १९ सप्टेंबरला फर्मान घेण्यात आले, आणि त्यान्वये राज्यकारभाराचे अधिकार लष्करी प्रशासकाकडे आले. कारणे व्यवहाराची होती. सुमारे १ कोटी ६० लाखांच्या राज्यात हजारो तहसीलदार, मुन्सफ, पटवारी कामावर होते; त्यांना आज्ञा कोणाच्या नावे द्यावयाची? चालू असलेले खटले, दस्त, सनदा, नेमणुका कोणत्या कायद्याखाली वैध ठरवायच्या? सत्तेचा धागा मध्येच तोडला तर प्रत्येक कागद वादग्रस्त होतो. धागा न तोडता त्याच धाग्याने नवे कापड विणले तर कारकून आपल्या जागेवर बसून राहतो आणि रयतही गोंधळत नाही. शिवाय जगापुढे भारताची बाजू ‘राजाच्या संमतीने’ अशी मांडता येत होती. हैदराबादचा प्रश्न तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत गेलेला होता.

या उसन्या अधिमान्यतेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट १९४९ रोजी लष्करी प्रशासकांनी विनियम काढून जहागिरी रद्द केल्या. सर्फ-ए-खासचा मुलूखही त्याच वर्षी दिवाणीत मिळवण्यात आला. ज्या फर्मानाच्या शक्तीने जहागिरी दिल्या गेल्या होत्या, त्याच फर्मानातून उतरलेल्या अधिकाराने त्या संपल्या. आणि अखेर २३ नोव्हेंबरच्या फर्मानाने, ज्याचा उल्लेख आरंभी केला, परंपरेने आपला वारस म्हणून संविधानाचे नाव लिहून दिले.

२६ जानेवारी १९५० पासून निजाम राजप्रमुख झाले. माणूस तोच, राजवाडा तोच, हैदराबादेतील मानमरातबही बराचसा तोच. परंतु अधिसत्तेचा प्रकार बदलला होता. हा बदल ओळखावयाचा कसा? दोन खुणा आहेत. पहिली, सही कोणाच्या सल्ल्याने होते. राजप्रमुख म्हणून निजामांची सही आता सरकारच्या सल्ल्यावर होत होती. १९५२ च्या निवडणुकीनंतर तो सल्ला बुरगुल रामकृष्ण राव यांच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाचा होता. दुसरी, पद रद्द करता येते का. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, राजप्रमुखपद संपले, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि राजासाठी कोणीही रस्त्यावर उतरले नाही. सव्वादोनशे वर्षांची गादी आठ वर्षांत प्रथम पद झाली आणि मग रद्दबातल झाली. नेपाळात २००८ साली राजेशाही गेली ती जनआंदोलनानंतर आणि संविधान सभेच्या ठरावाने. तेथे राजाचे असे सावकाश पदात रूपांतर करण्याची संधी दोन्ही पक्षांनी गमावली होती.

गावात हेच परिवर्तन अधिक संथ झाले. वंशपरंपरेचा पटवारी जाऊन बदली होणारा पगारी तलाठी आला. महसुली पाटीलकी महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. पोलीस पाटील हे नाव राहिले, परंतु १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने ते पद नेमणुकीचे झाले. आज पोलीस पाटलाच्या जागेसाठी लेखी परीक्षा होते, आरक्षण लागते, स्त्रियाही त्या पदावर येतात. नाव जुने आणि आधार नवा, असे हे उदाहरण. महारकीचे काम मात्र कायद्याने संपण्याची वाट सर्वांनी पाहिली नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या लोकांनी मेलेली जनावरे ओढणे आणि भाकर मागणे स्वतःहून सोडले. परंपरेची अधिसत्ता वरून रद्द करता येते, परंतु ती खरी संपते ती खालून मान्यता काढून घेतल्यावर.

मान्यता काढून घेणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. कायदेशीर अधिसत्तेच्या दृष्टीने याहून स्पष्ट निर्णय असू शकत नाही : निवडून आलेले सभागृह, रीतसर ठराव. तरीही मराठवाड्यात हिंसाचार उसळला आणि नांदेड व परभणी जिल्ह्यांतील खेड्यांत दलित वस्त्या जळाल्या. विद्यापीठाचे नाव हा जर केवळ अस्मितेचा प्रश्न होता, तर ज्या खेड्यातील कोणी विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते तेथील झोपड्या का पेटल्या? माझ्या मते उत्तर असे की, वतन कागदावरून गेले होते, परंतु गावातील वरच्या थराच्या मनातून गेले नव्हते; गावकीची कामे सोडणाऱ्यांवरचा जुना राग नामांतराच्या निमित्ताने बाहेर पडला. ठराव संमत करणारे सरकारही मग कचरले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, साडेपंधरा वर्षांनी. कायदेशीर अधिसत्ता ही कायदा होताच अस्तित्वात येते असे समजणाऱ्यांनी ही साडेपंधरा वर्षे मोजून पाहावीत.

आता २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाकडे. त्या भाषणातील व्यक्तिपूजेविषयीचा इशारा आपल्या जयंती-कार्यक्रमांत पुष्कळदा सांगितला जातो. धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, हा त्याचा आशय. परंतु हे कोण बोलत होते, याकडे कमी लक्ष जाते. देशातील कोट्यवधी माणसे ज्याच्या एका शब्दावर उठून उभी राहत होती, तो पुरुष आपल्याच प्रकारच्या सत्तेवर अंकुश मागत होता. वेबर यांनी करिष्म्याचा सर्वांत अवघड प्रश्न म्हणून ज्याकडे बोट दाखवले तो हा : नेता गेल्यावर पुढे काय? एक वाट घराण्याची, म्हणजे करिष्मा रक्तात उतरतो असे मानण्याची. दुसरी, नेत्याने वारस नेमण्याची. तिसरी, अनुयायांनी नियम आणि संस्था उभारण्याची.

शिवाजी महाराजांच्या उदाहरणाने हे अधिक उकलते. १६७४ पूर्वीच त्यांचे कर्तृत्व सर्वमान्य होते. तरीही ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक करून घ्यावा लागला, कारण सनदा देणे, तह करणे, आणि पुढील पिढीला गादी देणे यासाठी वैयक्तिक पराक्रम पुरत नव्हता. त्यांच्या काळात उपलब्ध असलेला दुसरा आधार परंपरेचाच होता, आणि त्या परंपरेच्या रखवालदारांनी त्यांच्या क्षत्रियत्वावरच शंका घेतली. बाबासाहेबांपुढे तिसरा मार्ग खुला होता, आणि तो खुला करण्याच्या कामात त्यांचाच हात होता.

त्याच भाषणात त्यांनी एक असा दाखला दिला जो आपल्या विद्यालयाच्या परिवाराला विशेष जवळचा वाटेल. संसदीय पद्धती भारताला परकी नाही, असे सांगताना त्यांनी भिक्खू संघाचे नियम सांगितले : बसण्याची व्यवस्था, ठराव मांडण्याची रीत, गणपूर्ती, मतांची मोजणी, आणि शलाकांच्या साहाय्याने गुप्त मतदान. बुद्धांच्या इतका करिष्मा क्वचितच कोणाला लाभला असेल. परंतु महापरिनिब्बान सुत्तातील प्रसंग असा की, शास्त्यानंतर कोण, या चिंतेत असलेल्या भिक्खूंसाठी भगवंतांनी आनंदाला सांगितले की, धम्म आणि विनय हाच तुमचा शास्ता राहील. व्यक्ती नेमली नाही, नियम नेमला. वारस नेमण्यास बुद्धांनी दिलेला हा नकार बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही आवर्जून मांडला आहे.

औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढलेल्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंद हे नाव दिले, तेही या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. मिलिंद राजाने चर्चेला बोलावल्यावर नागसेनांनी अट घातली होती की, पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर मी तयार आहे, राजांसारखी करणार असाल तर नाही. कारण पंडित वादात हरला तरी रागावत नाही, आणि राजा मतभेद झाला की शिक्षा फर्मावतो. फर्मान आणि युक्तिवाद यांतील फरक याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

मात्र वाट दाखवणे आणि वाटेने चालणे निराळे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षांच्या आतच त्यात फूट पडली, आणि पुढे फुटींची संख्या सांगणेही कठीण झाले. प्रत्येक गटाने आपल्याकडे बाबासाहेबांचा वारसा असल्याचे सांगितले. मतभेद मिटवणारी, सर्वांनी मानलेली पक्षांतर्गत रीत मात्र कोणाकडेच टिकली नाही. नेतृत्वाच्या भांडणाला नेत्यांचे स्वभाव कारण होते असे आपण सहज म्हणून जातो. मला ते अपुरे वाटते. जेथे सभासदांची यादी, नियमित निवडणूक आणि हरलेल्याने निकाल मानण्याची सवय नसते, तेथे वारशाचा दावा हेच एकमेव चलन उरते, आणि त्या चलनाची किंमत ठरवणारी कोणतीही टाकसाळ नसते. उलट पीपल्स एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालये अनेक वादळांतूनही चालू राहिली. तेथे घटना, विद्यापीठाचे नियम, हजेरीपट आणि पगारपत्रक होते.

कायद्याच्या अधिसत्तेचे एक वैशिष्ट्य शेवटी सांगितले पाहिजे, कारण त्याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने अलीकडे घेतला आहे. या प्रकारात आज्ञा देणाराही नियमाखाली असतो. पोलीस अधिकाऱ्याचे ऐकावयाचे ते गणवेशासाठी नव्हे, तो कायद्याच्या मर्यादेत वागतो म्हणून. मर्यादा ओलांडली की त्याची आज्ञा ही एका सामान्य माणसाची दांडगाई ठरते. परंपरेत राजाला प्रश्न विचारणे हा गुन्हा, करिष्म्यात तो द्रोह. येथे तो नागरिकाचा अधिकार आहे. वैध सत्ता आणि नुसते बळ यांतील फरक ओळखण्याची रीतही साधी आहे : कोणत्या कलमाखाली, कोणाच्या आदेशाने, आणि याविरुद्ध दाद कोठे, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतात का ते पाहावे.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, त्यानंतर पोलिसांनी वस्त्यांतून अटका केल्या, आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. या घटनेत लोकांच्या मनातील संविधान हे केवळ नियमांचे पुस्तक राहिलेले नाही, हे दिसले. त्यात बाबासाहेबांचा करिष्मा उतरला आहे आणि पंचाहत्तर वर्षांत त्याला परंपरेचेही बळ येऊ लागले आहे. वेबर यांचे तिन्ही आधार त्या काचेच्या पेटीत एकत्र आले होते. परंतु मृत तरुणाच्या कुटुंबाने आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांनी जे विचारले ते तिसऱ्या आधाराच्या भाषेत विचारले : शवविच्छेदनाचा अहवाल काय सांगतो, दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत काय आढळले, गुन्हा का नोंदवला जात नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि तेथे शासनाची याचिका त्याच महिन्यात फेटाळली गेली.